उचल

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना, कुंपणाशी. तिथे नको, जास्वंदीच्या आड या. त्या गॅलरीतून बँकवाल्या काकूंना सगळं दिसतं, आणि दिसलं की ऐकूही येतं. कपडे वाळत राहू देत हो, या पावसात तसेही दोन दिवस वाळायचे नाहीत.

बुधवारच्या भिशीत काय झालं, ते तुम्हाला अर्धंच ठाऊक. चहा व्हायच्या आधी उठलात ना तुम्ही. अर्धं म्हणजे, मंदाने सगळ्यांकडून ॲडव्हान्स घेतला आणि सगळ्यांना एकच कारण सांगितलं, पोरीची फी. डॉक्टरीणबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडूनही?" मी म्हटलं, "हो, माझ्याकडूनही." झालं! सगळ्यांची तोंडं अशी पडली, की थालीपिठावरचं लोणी विरघळलं तरी कोणी हात लावेना. बँकवाल्या तर काय, खुशीत! "मी सांगत नव्हते? फसवतात या बायका." त्यांनी स्वतः एक पैसा दिलेला नाही, हे विसरूनच गेल्या त्या.

पण थांबा, पहिल्यापासून सांगते. कारण खरी गंमत शेवटी आहे.

मंदाला एकूण दहा हजार हवे होते. पोरीला कॉलेजात प्रवेश मिळाला, वीस तारीख फी भरायची शेवटची. तर चौदा तारखेला ती पहिल्यांदा कोणाकडे गेली असेल? बँकवाल्यांकडे. बिचारीला वाटलं, बँकेतल्या बाईला पैशाचं कळतं. तर यांनी आधी तासभर चौकशी केली. कशाला हवेत, नवरा काय करतो, मागच्या वर्षीचा बोनस कुठे गेला, एवढा मोठा मोबाइल कशाला घेतलास. मंदा फरशी पुसतेय आणि या सोफ्यावर पाय वर घेऊन तिला बचतीचं महत्त्व सांगताहेत. आणि शेवटी काय? "साहेबांना विचारते, उद्या सांगते."

उद्या म्हणजे पंधरा. पंधराला साहेब टूरवर. सोळाला "अगं, विसरलेच बघ". सतराला रविवारी साहेब घरीच होते, पण यांनी मंदाला बघून वरच्या खोलीचं दार लावून घेतलं. अठराला सकाळी म्हणतात, "नाही गं जमणार." आणि त्याच दुपारी टेम्पोतून काय उतरलं? नवा सोफा! जुना म्हणे रंगाला मॅच होत नव्हता. जिन्यातून सोफा वर चढवताना मंदाला बाजूला उभं राहायला सांगितलं. तिचा चेहरा काय झाला असेल सांगा.

आता मला सांगा, नाही म्हणाल्या हे चुकलं का? मुळीच नाही. प्रत्येकाला जमतंच असं नाही. आमचंच बघा, पेन्शनवर घर, एक तारखेला येते आणि वीस तारखेपर्यंत पातळ होते. पण चार दिवस लटकावून मग नाही म्हणणं... त्यातच ती बाई मरते हो. चौदाला नाही म्हटलं असतं, तर तिच्या हातात सहा दिवस होते. अठराला म्हटलं, तेव्हा दोन राहिले. आणि दोन दिवसांत पैसे कोण देतो? तिच्या वस्तीत एक आहे, शेकडा दहाने देतो, तेही महिन्याला. दहा हजार घेतले की महिन्याला हजार नुसतं व्याज. दहा महिने व्याज भरलं की दहा हजार गेले आणि मूळ मुद्दल जसंच्या तसं उभं. आपला एक 'उद्या सांगते' त्या माणसाच्या दारात नेऊन सोडतो तिला.

तर काय सांगत होते... हां, अठरा तारीख. दुपारी मंदा माझ्याकडे आली, भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग पदराला हात पुसत उभीच राहिली. मी ओळखलं. जाताना ज्या दिवशी बाई उंबऱ्यापाशी घुटमळते, त्या दिवशी काहीतरी असतंच.

आता तुम्हाला माझीच एक चूक सांगते, कोणाला बोलू नका. मागच्या वर्षी तिने भावाच्या लग्नाला पंधरा हजार मागितले होते. मला नव्हते द्यायचे. तर मी काय बोलून गेले? "अगं, घरात पैसेच नाहीत." कोणाला सांगतेय मी हे? जी बाई आमची गादी उलटी करते, कपाटाच्या वरचा धुरळा काढते, जिला आमच्या घरातली पाकिटं कुठे असतात ते ह्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक! ती नुसती "बरं काकू" म्हणाली आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता गेली. महिनाभर कामाशिवाय एक शब्द नाही. मला जाम लाज वाटली. पंधरा नाही दिले म्हणून नव्हे हो, खोटं बोलले म्हणून. तेव्हापासून ठरवलं, नाही म्हणायचं तर 'मला जमणार नाही' असं म्हणायचं. ते खरं असतं, आणि त्यावर कोणाला वाद घालता येत नाही.

तर या वेळी मी कशाला हवेत ते विचारलंच नाही. तिने आपणहून सांगितलं. मी दोनच गोष्टी विचारल्या. एकूण किती लागणार, आणि कधीपर्यंत. दहा हजार, परवापर्यंत. मग तिला म्हटलं, बस, आणि ह्यांना हाक मारली.

ह्यांना तुम्ही ओळखताच, जिल्हा परिषदेत सगळं आयुष्य गेलं, कागद दिसला की जीव येतो. म्हणाले, "पहिल्यांदा हिशेब कर. पगार किती?" तीन हजार. "म्हणजे दिवसाला शंभर. आज तारीख अठरा. म्हणजे अठराशे रुपये तिने ऑलरेडी कमावलेत. ते ॲडव्हान्स कसले? ते तिचेच पैसे आपल्याकडे पडून आहेत."

अहो, मी चाटच पडले! पंचवीस वर्षं बाया ठेवल्या, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. आपण पगार महिना भरल्यावर देतो ना? म्हणजे एक तारखेपासून रोज ती आपल्याला उधारीवर काम देते. वीस तारखेला ती मागायला आली की आपल्याला वाटतं, आपण उपकार करतोय. खरं बघायला गेलं तर तिथवरचं देणं आपलंच थकलेलं. खरी उचल त्याच्या पुढच्या रुपयापासून सुरू होते.

आणि उचल हा शब्द मी बोलले मात्र, मंदा एकदम चपापली. "उचल नका म्हणू काकू, पुढचे पैसे म्हणा." मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिचे आईबाप बीडकडचे, ऊसतोडीचे. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचे. निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, जोडप्याची मिळून एक, त्याला ते एक कोयता म्हणतात. मग सगळा हंगाम ती उचल फेडण्यात जायचा. आजारी पडून खाडा झाला तर त्याचा दंड वर. हंगाम संपायचा आणि हिशेबात मुकादमाचं देणं राहिलेलंच, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याचकडे. "उचल म्हणजे पाय बांधल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी गप्पच झाले. आपण किती सहज म्हणतो तो शब्द.

आणि तुम्हाला कोपऱ्यावरच्या बंगल्याची गोष्ट आठवते का? तीच, आधीची बाई कशी गेली ती! वहिनींचं मन मोठं, मान्य. एकदम पंचवीस हजार दिले. पण पगार अडीच हजार, आणि ठरवलं काय? फिटेपर्यंत सगळा पगार कापायचा! म्हणजे दहा महिने ती बाई फुकट राबणार. वर आधार कार्ड ठेवून घेतलं, पळून जाऊ नये म्हणून. दोन महिने आली, तिसऱ्या महिन्यात पाच तारखेपासून खाडे, मग पोरगी यायला लागली निरोप घेऊन, मग फोन बंद. वहिनींचे वीस हजार गेले, आणि गल्लीभर बाईचं नाव चोर. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, आधार ठेवून घेणं आणि उचल फिटेपर्यंत सोडायचं नाही म्हणणं, ही सरळ वेठबिगारी, 1976 सालापासून तिला कायद्याने बंदी आहे. वहिनींना हे कोणी सांगायचं? तुम्ही सांगा. मी तर बाई नाही.

पण खरं दुखणं कायद्यातही नाही, हिशेबात आहे. सगळा पगार कापला की बाईने खायचं काय? ती दुसऱ्या घरी मागते, तिथलं फेडायला तिसऱ्या घरी. नाही तर सरळ ते घर सोडते, कारण जिथे काम करून काही मिळत नाही तिथे कोण येईल? आपण गेलो असतो का?

कुकर झाला वाटतं... तीन शिट्ट्या का? राहू दे, सून बघेल.

हां, तर हे म्हणाले, सरकारी नोकराला जसं मिळतं तसं कर. त्यांना नाही का सण-अग्रिम मिळायचा? दिवाळीला घ्यायचे, व्याज नाही, आणि मग दर महिन्याच्या पगारातून सारखा हप्ता. दहा हप्त्यांत फिटायचा. 2020 सालच्या दिवाळीत केंद्राने आपल्या नोकरांना दहा हजार दिले होते ना, तेही बिनव्याजी, दहाच हप्त्यांत. आणि आधीचा फिटेपर्यंत दुसरा नाही. ह्यांनी सगळा जन्म हेच केलं. लाज वाटली का कधी? उलट पेढे आणायचे! साहेबाने मागितलं तर अग्रिम, आणि मंदाने मागितलं तर भीक, असं कसं चालेल?

मग मी मंदाला जे बोलले ते जसंच्या तसं सांगते. "मंदा, दहा नाही जमणार मला. तुझे झालेले अठराशे आत्ता घेऊन जा. वर एक महिन्याचा पगार, तीन हजार, पुढचे म्हणून देते. एकूण चार हजार आठशे. याच्या वर या वेळी मला मागू नकोस, मला जमायचं नाही. अठराशे दिलेत, म्हणून येत्या एक तारखेला हातात बाराशेच पडतील, तेव्हा नाराज व्हायचं नाही. आणि तीन हजारांचे पाचशे-पाचशे करून सहा महिने, ऑगस्टपासून. दिवाळीच्या महिन्यात हप्ता नाही, आणि बोनसला मी हात लावणार नाही."

बघा, बाराशेचं आधी सांगितलं ना, ते फार महत्त्वाचं. नाही तर काय होतं, देताना आपण गोड, आणि एक तारखेला ती पाकीट उघडते तेव्हा तोंड पडतं. मग वाटतं, काकूंनी कापले. कापले नाहीत गं, तू घेतलेस! पण तेव्हा सांगून काय उपयोग.

मंदा काय म्हणाली माहितीये? काही रडली-बिडली नाही. म्हणाली, "बरं झालं काकू, लगेच बोललात. आता उरलेल्यांचं बघते." आणि गेली. पोरीला फोन लावत लावतच गेली.

वहीत लिहून ठेवलंय सगळं. दोन वह्या केल्यात, एक माझी, एक तिची. तिच्या वहीत तिची पोरगी लिहिते. ह्यांनी जीपेवर पाठवले तरी वही ठेवायचीच, कारण जीपेवर नुसता आकडा दिसतो, अठराशे तिचे होते आणि तीन हजार पुढचे होते हे त्याला कुठलं कळायला.

तर काय सांगत होते... भिशी! तर सगळ्या 'फसवलं, फसवलं' करताहेत, बँकवाल्या तर वॉट्सॲप ग्रुपवर टाकायला निघाल्या, म्हणे सगळ्यांनी मिळून ठरवू, कोणीच द्यायचे नाहीत. तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा हो, बेरीज करू. माझे चार हजार आठशे. डॉक्टरीणबाई, तुमचे?" तीन हजार. झाले सात हजार आठशे. "अजून कोणी?" कोणी बोलेना. पण मंदाने मला आकडा सांगितला होता, अजून एका घरून दोन हजार मिळाले म्हणून. कोणाकडून ते मी तिथे बोलले नाही. तर झाले किती? नऊ हजार आठशे. फी दहा हजार. राहिलेले दोनशे तिने भाजीच्या पैशातून घातले.

सांगा आता, कुठे फसवलं? दहा मागितले, कोणी दहा दिले नाहीत, म्हणून तिने ते तीन घरांत वाटून घेतले. प्रत्येकीला खरंच सांगितलं, पोरीची फी. फी एकच होती हो! फसवणं कधी म्हणायचं? बेरीज फीच्या वर गेली असती, किंवा आधीचा हप्ता चालू असताना गुपचूप दुसऱ्या घरी नवं कारण निघालं असतं, तर. मी हे बोलले आणि... अहो, ते तोंड बघायला हवं होतं तुम्ही! बँकवाल्यांनी मोबाइल हळूच पर्समध्ये टाकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग ठीके," आणि थालीपीठ घेतलं. गार झालं होतं, पण घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मी तुम्हाला एवढं का सांगतेय, जास्वंदीच्या आड बोलावून.

ते दोन हजार कोणी दिले, हे का मला ठाऊक नाही? अहो, तोंड काय पाडता! चांगलंच केलंत. भिशीत गप्प बसलात आणि चहाआधी उठलात, तेव्हाच मला कळलं. मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पण मंदा म्हणाली, तुम्ही तिला सांगितलंय की येत्या एक तारखेला सगळे दोन हजार वळते करून घेईन. परवा एक तारीख. म्हणून म्हटलं, आधी गाठावं तुम्हाला.

जरा हिशेब करा माझ्याबरोबर. माझ्याकडून तिला मिळणार बाराशे. डॉक्टरीणबाईंकडे पगार साडेतीन, त्या हजार कापणार, म्हणजे अडीच हजार. बँकवाल्यांचे दोन हजार पूर्ण, त्यांनी काही दिलंच नाही तर कापणार काय? आणि तुमच्याकडे अडीचमधले दोन गेले की राहिले पाचशे. किती झाले? सहा हजार दोनशे. खोलीचं भाडं पाच हजार. महिनाभर खायला उरले बाराशे. दहा तारखेला ती परत उंबऱ्यावर उभी. कोणाच्या? तुमच्याच. आणि तेव्हा आपण म्हणणार, बघा, यांना सवयच लागते. सवय तिला कुठे लागली? आपणच लावली, एकदम कापून.

आणि एक सांगू का? रागवू नका. तुमचे ते दोन हजार तरी सगळे कुठे उचल होते? अठरा दिवसांचे तिचे दीड हजार तुमच्याकडे झालेलेच होते. वरचे पाचशेच काय ते तुम्ही पुढचे दिलेत. तर या एकाला पाचशेच घ्या, बाकीचे पुढच्या तीन महिन्यांत पाचशे-पाचशे. म्हणजे तिच्या हातात आणखी दीड हजार पडतील. सगळं मिळून सात हजार सातशे. त्यात महिना ओढून निघतो. आणि हे एक तारखेला नको, आजच सांगा तिला. परवापर्यंत ती मनातल्या मनात कोणाकडे मागायचं याचा हिशेब करत बसेल, आणि तो वस्तीतला शेकडा दहावाला मोकळाच असतो.

नाही जमणार? तर नाही जमणार म्हणा, पण ते तरी आजच. 'ह्यांना विचारते' म्हणून नका सांगू, तुमचे हे नागपूरला आहेत, तिला पक्कं ठाऊक आहे. त्यांची बॅग तिनेच तर...

श्श! फाटक वाजलं. आली बघा. हसू नका, काही झालं नाही असं दाखवा. जास्वंदीचं फूल तोडा एखादं.

काय गं मंदा, आज लवकर? काही नाही, वहिनींना तुझ्याशी बोलायचंय म्हणत होत्या.